टक्क्यांची बेरीज करताय? थांबा, आधी LN लावा

मागच्या व्हिडिओनंतर एका हार्डवेअर दुकानदार मित्राने मला एक कागद पाठवला. दुकानातले पैसे शेअर बाजारात लावा म्हणून त्याला कोणीतरी तो दिला होता. त्यावर दोन वर्षांचे परतावे होते, एक मोठा उणे आणि एक त्याहून मोठा अधिक. खाली लिहिलं होतं, "सरासरी चांगली". मित्राचा प्रश्न सरळ होता: "सर, बेरीज तर बरोबर आहे, मग यात चूक काय?"

बेरीज बरोबरच होती. पण त्या आकड्यांची बेरीज करायचीच नसते. माझं मत आज स्पष्ट सांगतो: एकापेक्षा जास्त काळाचा हिशेब असेल तर साधे टक्के बेरजेला घेऊ नका. लॉग परतावा घ्या. आणि उत्तर सांगताना मात्र परत रुपयांत या.

खरं उदाहरण घेऊ. २००७ च्या शेवटच्या दिवशी सेन्सेक्स २०,२८६.९९ वर बंद झाला. २००८ च्या शेवटी तो ९,६४७.३१ होता आणि २००९ च्या शेवटी १७,४६४.८१. म्हणजे २००८ मध्ये उणे ५२.४५% आणि २००९ मध्ये अधिक ८१.०३%. आता बेरीज करा: अधिक २८.५८%. दोनने भागा, वर्षाला १४% च्या वर. बँकेच्या एफडीपेक्षा भारी!

आता रुपयांत बघू. १ लाख होते, त्याचे पहिल्या वर्षी ४७,५५४ झाले. दुसऱ्या वर्षी ते वाढून ८६,०८९ झाले. (लाभांश यात धरलेला नाही, सेन्सेक्सच्या आकड्यात तो नसतो.) कागदावर २८% फायदा आणि खिशातून जवळजवळ १४ हजार गायब. हे झालं कसं?

कारण दोन्ही टक्के वेगवेगळ्या रकमेवरचे आहेत. ५२% गेले ते लाखावर, आणि ८१% आले ते ४७ हजारांवर. दोन वेगळ्या रकमांवरचे टक्के एकमेकांत मिळवणं म्हणजे किलो आणि लिटर एकत्र मोजणं. पैसा खरं तर गुणाकाराने चालतो: ०.४७५५ गुणिले १.८१०३, उत्तर ०.८६०९. बेरीज कुठेच नाही.

मग लॉग काय करतो? गुणाकाराची बेरीज करतो. शाळेत लॉग टेबल वापरायचो ते आठवा, मोठे गुणाकार टाळायला आपण लॉग बघून बेरीज करायचो. तीच युक्ती इथे आहे. फक्त इथे लॉग १० च्या पायाचा नाही, e च्या पायाचा, ज्याला एक्सेलमध्ये LN म्हणतात.

पण नुसती युक्ती म्हणून सोडू नका, या आकड्याला अर्थ आहे. १०० रुपये वर्षाला १२% ने लावले. व्याज वर्षाने एकदा मुद्दलात मिळवलं तर ११२ होतात. सहा महिन्यांनी मिळवलं तर ११२.३६, दर महिन्याला मिळवलं तर ११२.६८, रोज मिळवलं तर ११२.७५. त्यापुढे तासाला, मिनिटाला, क्षणाक्षणाला मिळवलं तरी आकडा ११२.७५ च्या पुढे सरकत नाही. याला सतत चक्रवाढ म्हणतात. उलट बाजूने बघा: १०० चे ११२.७५ झाले तर साधा परतावा १२.७५%, पण लॉग परतावा १२%. म्हणजे "क्षणाक्षणाला व्याज मिळत असतं तर दर किती पडला असता", ते लॉग सांगतो.

आता बेरीज का जमते ते कळेल. सतत चक्रवाढीत पाया प्रत्येक क्षणी ताजा होतो. त्यामुळे ३१ डिसेंबरला नवीन पाया धरायची गरजच पडत नाही. पहिलं वर्ष आणि दुसरं वर्ष ही एकाच रस्त्याची दोन टप्प्यांतली अंतरं होतात, आणि अंतरं मिळवता येतात. गणितात हेच असं लिहितात: e^a × e^b = e^(a+b).

एक्सेलमध्ये B2, B3, B4 मध्ये तीन बंद भाव टाका. मग C3 मध्ये, C4 मध्ये आणि शेवटी C5 मध्ये अशी सूत्रं द्या:

```
=LN(B3/B2)
=LN(B4/B3)
=EXP(SUM(C3:C4))-1
```

C3 मध्ये उणे ०.७४३३ येईल, C4 मध्ये अधिक ०.५९३५. बेरीज उणे ०.१४९८. उणे चिन्ह आलं, तिथेच कागदाचं पितळ उघडं पडलं. पडताना ७४.३३ एवढं अंतर खाली गेलो, चढताना ५९.३५ एवढंच वर आलो. C5 मध्ये उणे १३.९१% येईल, म्हणजे तेच ८६,०८९ रुपये. वर्षाची सरासरी हवी असेल तर बेरजेला दोनने भागून EXP लावा आणि १ वजा करा: वर्षाला साधारण उणे ७.२%.

"मग सीएजीआर आहे की, लॉग कशाला?" असं काही जण म्हणतील. बरोबर आहे, इथे सीएजीआरसुद्धा हेच उत्तर देतो. पण तो फक्त पहिला आणि शेवटचा भाव बघतो. तुम्ही दर महिन्याचा हिशेब ठेवत असाल तर लॉगमध्ये १२ महिने मिळवले की वर्ष तयार. पुढच्या महिन्यात जुना एक वजा करा, नवा एक मिळवा, झालं.

आता दोन ठिकाणी सांभाळा, इथे मी स्वतःच लोकांना चुकताना बघतो.

एक, लॉगचा आकडा तोंडी सांगू नका. "७४% बुडाले" असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे, बुडाले ५२%. मोठ्या चढउतारात दोन्ही आकड्यांत असा फरक पडतो, १% वर मात्र तो दिसतही नाही. तुमच्या लॉगच्या रकान्यात उणे १०० च्याही खाली आकडा आला तर घाबरू नका, ते शक्य आहे. साध्या टक्क्यांत तसा तोटा दिसला तर मात्र सूत्र तपासा, कारण लावलेल्या शेअरमध्ये १०० पेक्षा जास्त टक्के बुडत नाहीत.

दोन, लॉग काळाकाळात मिळवायचा, वस्तू-वस्तूंमध्ये नाही. समजा ५०,००० एका शेअरमध्ये लावले, ते ५०% वाढले. ५०,००० दुसऱ्यात लावले, ते ५०% पडले. एकूण लाखाचे लाखच. साध्या टक्क्यांची सरासरी शून्य, बरोबर. लॉगची सरासरी मात्र उणे १४.४% दाखवते, जे झालंच नाही. म्हणून एकाच वेळी अनेक ठिकाणी पैसे असतील तर आधी साध्या टक्क्यांनी, रकमेच्या वजनाने एकूण परतावा काढा. मग त्या एकूण परताव्याचा लॉग घेऊन महिने जोडा. एक्सेलमध्ये हाच क्रम ठेवा.

त्या मित्राला मी एवढंच सांगितलं की कागद देणाऱ्याशी वाद घालू नको. फक्त विचार, "माझे १ लाख दोन वर्षांनी किती रुपये झाले असते?" त्याने विचारलं. समोरच्याने कॅल्क्युलेटर काढला, दोन गुणाकार केले आणि कागद परत घेतला. दुकानाचे पैसे अजून दुकानातच आहेत.