मोकळी वेळ दाखवा, कारण नको!

मैत्रिणींनो, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असतं, त्याच्या चौकोनांत आपण काय काय लिहितो आठवा बरं. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस, डॉक्टरांची वेळ. पण ते लटकतं आपल्या स्वयंपाकघरात. दारात आलेल्या पाहुणीला आपण ते काढून हातात देत नाही. मोबाइलमधल्या कॅलेंडरचं मात्र नेमकं तेच होऊन बसतं.

नाशिकच्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. परदेशातल्या मुलांना त्या घरबसल्या मराठी शिकवतात. न्यू जर्सीतल्या एका विद्यार्थ्याच्या आईशी तासाची वेळ जमवताना रोज निरोपानिरोपी व्हायची, म्हणून त्यांनी आपलं गूगल कॅलेंडर त्या बाईंना दाखवायला दिलं. आठवड्याभरात निरोप आला, "बाई, मंगळवारी बायॉप्सी आहे का? तब्येत बरी आहे ना?" आता ही गोष्ट त्यांनी घरात फक्त यजमानांना सांगितलेली. शिवाय ती आई त्यांच्या नणंदेच्या ओळखीची! बातमी नाशिकला परत यायला कितीसा वेळ? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, असं त्या लिहितात.

चूक एवढीच, की दाखवायची होती वेळ आणि दाखवली गेली अख्खी वही. यावर सोय आहे. समोरच्याला फक्त "या वेळेत काम आहे" असा भरलेला चौकोन दिसतो. काम कसलं, कुठे, कुणाबरोबर, यातलं काही दिसत नाही.

हे काम कॉम्प्युटरवर करा. गूगल कॅलेंडर उघडलंत की डाव्या हाताला My calendars खाली तुमच्या कॅलेंडरचं नाव दिसेल. त्याच्याशेजारच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारून Settings and sharing मध्ये जा. तिथे कुणाला दाखवायचं त्या भागात त्या व्यक्तीचा ई-मेल पत्ता घालायचा आणि परवानगीच्या यादीतून See only free/busy (hide details) हे निवडायचं. ते निवडल्याशिवाय Send दाबू नका. घाईत आपण पत्ता नीट तपासतो आणि परवानगीची ओळ तशीच सोडतो. नाशिकच्या बाईंचं तेच झालं होतं. परवानगी आधीच दिलेली असेल तर त्याच ओळीत ती बदलता येते. बघितलेलं काही पुसता येत नाही, पण पुढचं झाकतं. आणि त्याच पानावर Make available to public असा एक चौकोन असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. तो साऱ्या जगासाठी आहे, एका आईसाठी नव्हे.

एवढं करून भागेल असं वाटतं, पण खरी गंमत पुढेच आहे. बाईंनी परवानगी दुरुस्त केली, आणि लगेच त्या आईनं त्यांचा तास भलत्याच दिवशी ठरवला! त्या दिवशी बाई मामेबहिणीच्या लग्नाला साताऱ्यात. कॅलेंडरात लग्न लिहिलेलं होतं, मग तिकडे मोकळं कसं दिसलं? कारण त्यांनी ते "पूर्ण दिवस" म्हणून लिहिलं होतं. अशा नोंदीला गूगल आपणहून Free समजतं, म्हणजे वाढदिवस किंवा एकादशी लिहिली म्हणून दिवस अडू नये असा त्याचा हिशोब. गावाला जाणार असाल तर ती नोंद उघडून Free च्या जागी Busy करा आणि Save दाबा. याच्या उलटही होतं. "पाच वाजता विरजण लावणे" असं वेळ घालून लिहिलंत, की तो अख्खा तास तुम्ही कामात! तिथे Free करा.

दुसरी गोम अशी, की तुम्ही घराचं एक आणि शिकवणीचं एक अशी दोन कॅलेंडरं ठेवत असाल, तर परवानगी दिली तेवढंच दिसतं. शिकवणीचं दाखवलंत आणि डॉक्टरांची वेळ घरच्या कॅलेंडरात असेल, तर ती वेळ समोरच्याला रिकामीच दिसणार. मग दोन्ही कॅलेंडरांना तीच परवानगी द्या. शेवटी लेकीच्या नाहीतर यजमानांच्या खात्याला अशीच परवानगी देऊन त्यांच्या पडद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चौकोनांत busy सोडून एक अक्षरही दिसलं, तर कुठेतरी चुकलंय.

आता बाईंचा दुसरा प्रश्न. "त्यांच्या मोकळ्या वेळाही मला हव्यात, पण मागू कशा? चोंबडेपणा वाटेल." वाटेल खरा, जर "तुमचं कॅलेंडर पाठवा" असं म्हटलंत तर! गूगलमध्ये परवानगी मागायची सोय आहे, पण त्यातून जाणारं पत्र अगदी कोरडं. तुम्हाला नेमकं किती बघायचंय हे त्यात कळत नाही. त्यापेक्षा चार ओळी स्वतः लिहा. मी बाईंना हा मजकूर कळवलाय:

"नमस्कार ताई, तासाची वेळ ठरवताना आपले दोन-दोन दिवस निरोपांतच जातात. म्हणून माझ्या मोकळ्या आणि भरलेल्या वेळा तुम्हाला दिसतील असं मी केलं आहे. काम कोणतं ते त्यात दिसत नाही. तुमची हरकत नसेल तर तुमच्याही तेवढ्याच वेळा मला दिसतील असं कराल का? बाकीचं काही मला नको, म्हणून परवानगी देताना See only free/busy (hide details) हेच निवडा. सत्र संपलं की आपण दोघीही परवानगी काढून टाकू. ऑफिसच्या खात्यातून असं करता येत नसेल, किंवा तुम्हाला नको वाटत असेल, तर दर गुरुवारी सोयीच्या दोन वेळा कळवल्यात तरी माझं काम भागेल."

यात आधी स्वतःचं दिलंय, मग मागितलंय. "तेवढ्याच" हा शब्द मुद्दाम आहे. पर्यायाचं नावही जसंच्या तसं दिलंय, नाहीतर बिचारी चुकून सगळंच उघडं करायची. तसं झालंच तर बघत बसू नका, लगेच कळवा. ऑफिसचा उल्लेख उगाच नाही. पुष्कळ कंपन्या बाहेरच्यांना कॅलेंडर दाखवू देत नाहीत, तेव्हा नकार आला तर तो तुम्हाला असतो असं नाही. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका हं. नाही म्हणायला जागा ठेवली नाही, तर ती विनंती कसली?

आणखी एक सांगते. नुसत्या चौकोनांवरूनही माणसं तर्क करतात. दर तिसऱ्या मंगळवारी सकाळी दहा ते चार भरलेलंच दिसलं, तर चौकस डोळ्यांना तेवढं पुरतं. असं काही चालू असेल तर आणखी एक-दोन दिवशीही त्याच वेळा Busy करून ठेवा. खोटं कसलं त्यात, ती तुमची विश्रांतीची वेळ समजा!

बाईंचं उत्तर परवाच आलं. त्या आईचं कॅलेंडर ऑफिसचंच निघालं, बाहेर दाखवता येत नाही. आता दर गुरुवारी दोन वेळा येतात, न चुकता, आणि शनिवारी संध्याकाळी सातचा तास पक्का झालाय. रिपोर्ट चांगला आला, हे त्यांनी ताजाकलमात लिहिलंय.