फॅमिली ग्रुपवरच्या अफवा: अभ्यास करायचा तर कसा? वीर गावाच्या उदाहरणातून समजून घ्या

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्याआधी मुलं पळवणाऱ्यांबद्दलचे मेसेज मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवण्याची मर्यादा घातली.

त्यानंतर या विषयावर बरंच संशोधन झालं. पण त्यातला मोठा भाग राजकीय ग्रुपवर आहे, कारण तिथे लिंकवरून कुणालाही शिरता येतं. फॅमिली ग्रुपचं दार मात्र बंद असतं. मग तिथला अभ्यास कसा करायचा? महाड तालुक्यातल्या वीर गावासाठी असा संशोधन प्रस्ताव लिहायचा झाला, तर त्यात काय असावं लागेल?

प्रश्न नेमका काय?

'लोक अफवांवर विश्वास का ठेवतात?' हा प्रश्न फारच मोठा आहे. मोजता येतील असे दोन प्रश्न पुरेत. पहिला, कोणत्या प्रकारचा खोटा मेसेज घरच्या ग्रुपवरून पुढे जातो? दुसरा, तो खोटा आहे हे कळलेला माणूस काय करतो: ग्रुपवर बोलतो, बाजूला फोन करतो, की गप्प बसतो?

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. मेसेज काकांनी टाकला असेल, तर पुतण्या चारचौघांत 'हे खोटं आहे' म्हणायला कचरतो. प्रणव मल्होत्रा आणि केटी पिअर्स यांनी भारतीय तरुणांच्या मुलाखती घेऊन हाच संकोच तपासला होता. मोठ्यांचा मान राखून चूक कशी सांगायची, याच्या वेगवेगळ्या तऱ्हा त्यांना दिसल्या.

'खोटं' कोण ठरवणार?

22 जुलै 2021 ला महाड पुरात बुडालं होतं. समजा, त्या पुराचा व्हिडिओ पुढच्या एखाद्या पावसाळ्यात 'आत्ताचं महाड' म्हणून आला. व्हिडिओ खरा, दावा खोटा. म्हणून प्रत्येक मेसेज दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासायचा आणि 'खरा' व 'खोटा' यांच्या जोडीला 'संदर्भ बदललेला' आणि 'तपासता येत नाही' असे रकाने ठेवायचे. दुहेरी बाणावर विसंबून चालत नाही. मेसेज पाच किंवा जास्त टप्प्यांतून आला, एवढंच तो बाण सांगतो. मजकूर कॉपी करून पेस्ट केला, तर तीही खूण राहत नाही.

कुणाला निवडायचं?

मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची आणि त्यांच्यामार्फत ग्रुपपर्यंत जायचं, हा सोपा मार्ग. पण त्यात एक खोच आहे. ज्या ग्रुपमधले 12 जण वीरमध्ये राहतात, तो निवडला जाण्याची शक्यता तिघेच गावात असलेल्या ग्रुपच्या साधारण चौपट असते. निष्कर्ष काढताना मोठ्या ग्रुपचं वजन त्या प्रमाणात कमी करावं लागतं. शिवाय इथल्या कुटुंबांतले बरेच चाकरमानी मुंबईत असतात. मेसेज तिकडून येतो की गावातून जातो, हे कळायला त्यांचीही मुलाखत हवी.

दुसरी खोच आकड्यांची. समजा 25 ग्रुप मिळाले, प्रत्येकी 20 माणसं. एकूण 500. पण एकाच घरातली माणसं बरीचशी सारखी वागतात. हा सारखेपणा 0.1 धरला, तर नेहमीच्या सूत्राने 1 + (20 − 1) × 0.1, म्हणजे 2.9 हा भाजक येतो. 500 ला 2.9 ने भागलं की सुमारे 172 उरतात. म्हणजे 500 जणांशी बोलूनही अचूकता 172 वेगवेगळ्या माणसांइतकीच. त्यामुळे एका ग्रुपमधली माणसं वाढवण्यापेक्षा ग्रुप वाढवणं फायद्याचं.

मर्यादा कोणत्या?

सर्वांत मोठी मर्यादा संमतीची. एकाने फोन दाखवला, म्हणून उरलेल्या 19 जणांचे मेसेज वाचायची परवानगी मिळत नाही. सगळ्यांना विचारावं लागतं आणि एक जरी नाही म्हणाला, तरी त्याचे मेसेज वगळावे लागतात. कदाचित ज्या घरात जास्त अफवा फिरतात, तेच घर नकार देईल. तसं झालं, तर अफवांचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसेल. म्हणून किती जणांनी नकार दिला आणि ते कोणत्या वयाचे, हे अहवालात लिहायलाच हवं.

आपल्याकडे कुणाचं लक्ष आहे म्हटल्यावर माणसं सांभाळून वागतात. यावर उपाय म्हणजे विचारणा करण्याआधीच्या 30 दिवसांचे मेसेज पाहायचे. पण तोवर काही डिलीट झालेले असतील. आणि बाजूला केलेला फोन कुठेच नोंदला जात नाही, तो फक्त मुलाखतीतून कळतो.

शेवटची मर्यादा म्हणजे हे एका गावाचं चित्र असेल. ते 'महाराष्ट्रातली कुटुंबं असं वागतात' असं सांगू शकणार नाही. त्यामुळे अशा अभ्यासाची बातमी फॅमिली ग्रुपवर आली, की आधी तीन गोष्टी पाहाव्यात: किती ग्रुप होते, नकार किती जणांनी दिला आणि खोटं कुणी ठरवलं.