आधी आमचा ‘हं’ शिका, मग फोन उचला!

मंडळी, हल्ली बँक, विमा, गॅस, कुठेही फोन लावा, आधी मशीन बोलतं. मराठीत बोलतं, उच्चारही आता बरे असतात. माझा राग त्याच्या बोलण्यावर नाही. गप्प कधी बसायचं हे धड न शिकवताच ते आपल्या गळ्यात मारलंय, त्याचा राग आहे.

उलव्यातल्या आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंचं उदाहरण घ्या. कर्जाच्या हप्त्यासाठी त्यांनी एका कंपनीला फोन लावला. फोन स्पीकरवर, मी शेजारी. मशीन म्हणालं, “तुमचा हप्ता जमा झालेला नाही.” काकू सवयीने म्हणाल्या, “हं.” झालं, मशीन थांबलं. काकू पुढचं ऐकायला थांबल्या, मशीन काकूंचं ऐकायला थांबलं. मग “माफ करा, समजलं नाही” म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ते भलत्याच खात्याबद्दल सांगायला लागलं, तेव्हा काकू ओरडल्या, “अहो नाही, थांबा! ते खातं बंद केलंय!” आता मात्र ते थांबेना! तीन-चार वाक्यं रेटून मग गप्प झालं.

म्हणजे थांबायचं नव्हतं तिथे थांबलं आणि थांबायचं होतं तिथे नाही. असं का होतं?

मशीन आपला आवाज अगदी छोट्या तुकड्यांत तपासतं आणि प्रत्येक तुकड्यात माणूस बोलतोय का, एवढंच आधी बघतं. ठरावीक वेळ, समजा पाव सेकंद, बोलणं ऐकू आलं की स्वतःचं बोलणं बंद. पण आपला ‘हं’ही साधारण तेवढाच लांब! नुसती लांबी मोजून ‘हं’ आणि ‘थांबा’ वेगळे कळणार कसे? त्यात मराठीतला सरळ ‘हं’ म्हणजे ‘ऐकतोय, पुढे बोला’. वर चढवलेला ‘हं?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ आणि घाईघाईचं ‘हो हो हो’ म्हणजे ‘कळलं, आता पुरे’. हे उलव्यातल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

यावर उपाय आहे. आवाज आला की मशीनने एकदम बोलणं तोडू नये, अर्धा सेकंद आवाज खाली घ्यावा आणि शब्द ओळखावा. ‘हं’, ‘बरं’ असेल तर तिथूनच पुढे बोलावं. ‘नाही’, ‘थांबा’, ‘अहो ऐका’ असेल तर गप्प व्हावं. त्याने थांबायला किंचित उशीर होतो, हे खरं. पण दहा वेळा पहिल्यापासून ऐकण्यापेक्षा तो परवडला.

मग काकूंचं ओरडणं का पोचलं नाही? फोन स्पीकरवर असला की मशीनचा आवाज माइकमध्ये परत शिरतो. तो दाबताना बरेच फोन आपलाही आवाज दाबून टाकतात. ‘हं’ दोन वाक्यांमधल्या फटीत आला म्हणून पोचला. ‘थांबा’ वाक्याच्या मध्येच आलं, ते दबलं. कंपन्यांचं म्हणणं असतं की लोक गोंगाटातून फोन करतात. करणारच! इथे डंपर आहेत, २५ डिसेंबर २०२५ पासून विमानंही आहेत, घरात टीव्ही चालू असतो. मग तपासणी शांत खोलीत कशाला करता? इथे येऊन करा, स्पीकरवर करा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. मशीनचं उत्तर आधी पूर्ण लिहून तयार होतं, आवाज मागून येतो. आपण मध्येच तोडलं तर आपल्या कानावर अर्धंच पडतं, पण त्याच्या नोंदीत पूर्ण उत्तर राहू शकतं. काकूंना नंतर ते म्हणालं, “आधी सांगितल्याप्रमाणे, दंडमाफीसाठी १५ तारखेपर्यंत अर्ज करा.” १५ तारीख आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच ऐकली! उद्या वाद झाला तर कंपनी नोंद काढून दाखवणार, ‘ग्राहकाला कळवलं होतं’. आवाज कुठे तुटला ती वेळ मशीनला काढता येते, आणि नोंद तिथपर्यंतच छाटताही येते. ते न करणं हा निव्वळ आळस आहे, आणि त्याचा भुर्दंड आपल्याला.

म्हणून माझी मागणी सरळ आहे: जे ग्राहकाच्या कानावर पडलं नाही, ते ‘कळवलं’ म्हणून धरू नका.

तोवर तुम्हीही तपासा. मशीनच्या दोन वाक्यांच्या मध्ये ‘हं’ म्हणा, ते पुढे बोलतं का बघा. वाक्याच्या मध्येच ‘थांबा’ म्हणा, थांबतं का बघा. आणि मग विचारा, “आत्ता शेवटचं काय सांगितलंत?” तुम्ही न ऐकलेलं काही त्याने ‘सांगितलं’ म्हटलं, तर तारीख-वेळ टिपून लेखी तक्रार करा. आणि इथे कमेंटमध्येही लिहा.