चोवीस लाखांची बचत, की अडीच लाखांची?

खरेदी अधिकाऱ्याच्या रिझ्युमेवर मुलाखत घेणाऱ्याची नजर सर्वांत आधी बचतीच्या आकड्यावर जाते. ‘वाटाघाटींतून २४ लाखांची बचत’ असं वाचलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशाच्या तुलनेत? बरेच उमेदवार इथेच अडखळतात. बचत त्यांनी केलेली असते, पण ती कुठून मोजली हे कागदावर लिहिलेलं नसतं.

चाकणच्या एखाद्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. मालाच्या पॅकिंगसाठी त्याला वर्षाला चार लाख पुठ्ठ्याची खोकी लागतात. गेल्या वर्षीचा दर ३२ रुपये होता. यंदा व्हेंडरने ३६ रुपयांचं कोटेशन दिलं आणि बोलणी होऊन सौदा ३० रुपयांना ठरला. कोटेशनपासून मोजलं तर खोक्यामागे सहा रुपये, म्हणजे २४ लाख वाचले. पण ३६ रुपये कुणी कधी मोजलेच नव्हते. घासाघीस होणार हे ओळखून व्हेंडर आधीच दर चढवून सांगतो. गेल्या वर्षी प्रत्यक्ष दिलेल्या दरापासून मोजलं, तर बचत दोन रुपयांची, म्हणजे आठ लाखांची.

तीही सगळी अधिकाऱ्याची नव्हे. खोक्याच्या किमतीत मोठा वाटा क्राफ्ट पेपरचा असतो. वर्षभरात कागद उतरला आणि त्यामुळे खोकं सव्वा रुपयाने आपोआप स्वस्त व्हायला हवं होतं, असं धरा. मग बोलण्यांची कमाई उरली पाऊण रुपया, म्हणजे तीन लाख. शिवाय हा दर मिळवताना पैसे ४५ ऐवजी ३० दिवसांत देण्याचं कबूल केलं. सव्वा कोटीच्या आसपासच्या या खरेदीत पंधरा दिवसांचे सुमारे पाच लाख रुपये कंपनीचे आधी अडकले. दहा टक्के व्याजाने त्याचे वर्षाला पन्नास हजार होतात. ते वजा केल्यावर हाती राहिले अडीच लाख.

रिझ्युमेत अडीच लाख लिहायला उमेदवार कचरतो. तसं करण्याचं कारण नाही. ‘पुठ्ठ्याची खोकी: मागील दराच्या तुलनेत सव्वासहा टक्के घट, कागदाच्या भावातील उतार आणि पेमेंटच्या अटीचा खर्च वगळता निव्वळ बचत अडीच लाख’ ही ओळ वाचणाऱ्याला उमेदवाराला हिशेब कळतो हे लगेच दिसतं. चोवीस लाखांची ओळ मात्र दुसऱ्याच प्रश्नाला कोसळते. व्हेंडरचं नाव आणि नेमका दर लिहू नये. ती जुन्या कंपनीची गुपितं आहेत, आणि ती उघडी करणारा उद्या नव्या कंपनीचीही करील अशी शंका येते.

पीओंच्या संख्येचंही असंच आहे. ‘वर्षाला १,४०० पीओ’ एवढ्यावरून काम किती होतं ते कळतं, कसं होतं ते कळत नाही. एकाच व्हेंडरला एका आठवड्यात ९५ हजारांच्या तीन पीओ गेल्या आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीची मर्यादा एक लाख असेल, तर ऑडिटरला खरेदीचे तुकडे पाडल्याचा वास येतो. उलट वारंवार लागणाऱ्या वस्तूंचे वार्षिक रेट कॉन्ट्रॅक्ट करून पीओ १,४०० वरून ९०० वर आणल्या असतील, तर तो घटलेला आकडाच लिहावा. सोबत एकूण खरेदीची रक्कम आणि स्वतःच्या मंजुरीची मर्यादा द्यावी.

नियमपालनाच्या रकान्यात ‘सर्व धोरणांचे पालन केले’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. नेमका नियम सांगावा. एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. ही मुदत चुकली, तर आयकर कायद्यानुसार तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच वजावटीला मिळतो. म्हणून व्हेंडरांची उद्यम नोंदणी तपासून थकीत बिलांची यादी दर महिन्याला अकाउंट्सकडे देणं, हे लिहिण्यासारखं काम आहे.

सरकारी खात्यातल्या उमेदवाराने एक गोष्ट जपावी. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००७ च्या परिपत्रकानुसार निविदा उघडल्यावर वाटाघाटी साधारणपणे करायच्या नसतात. अपवाद करायचा झाला तर तो फक्त सर्वांत कमी दर देणाऱ्याशी, म्हणजे एल-वनशी. खासगी कंपनीत शोभणारी ‘सर्व व्हेंडरांशी बोलून दर उतरवले’ ही ओळ तिथे नियमभंगाची कबुली ठरते. त्याने अंदाजित खर्चाच्या तुलनेत निविदा किती कमी आली आणि किती जणांनी भाग घेतला, ते लिहावं.

रिझ्युमे पाठवण्याआधी त्यातल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीने ‘कशाच्या तुलनेत’ एवढं लिहून पाहा. ज्या आकड्याचं उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, तो काढून टाका.