काम झालं, झालंय की झालं होतं?

आमच्या तुमसरकडे धान विकून झालं की घरोघरी एकच प्रश्न असतो: चुकारे आले का? बाबा बँकेतून आले आणि ‘आलेत’ म्हणाले, की आई निश्चिंत होते. पण ‘आले होते’ म्हणाले, तर ती लगेच विचारते, ‘होते म्हणजे? गेले कुठे?’ आईचं इंग्रजीशी काही देणंघेणं नाही. पण ‘आहे’ आणि ‘होतं’ यांत पैशांचा फरक असतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

हा फरक आपण इंजिनियर लोक स्टेटस कळवताना पार विसरतो. कुणी बोललं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘समोरच्याला समजलं ना, मग व्याकरणाचा बाऊ कशाला?’ माझं म्हणणं एवढंच आहे, की समोरच्याला समजत नाही. त्याला वेगळंच काहीतरी समजतं.

माझीच गोष्ट सांगतो. घरूनच काम करत होतो. रात्री 9 वाजता डेटाबेस जुन्या बॅकअपवरून पूर्ववत केला. 9:20 ला बिलं पाठवणारी स्क्रिप्ट चालवली. मग चॅटवर लिहिलं: ‘डेटाबेस इज रिस्टोअर्ड. आय हॅड ऑलरेडी रन द स्क्रिप्ट.’ आणि जेवायला गेलो.

परदेशातल्या सहकाऱ्याने ‘हॅड’ वाचला. इंग्रजीत ‘हॅड’ म्हणजे दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या आधी. आधीच्या वाक्यात डेटाबेसचा उल्लेख होता. म्हणून त्याने अर्थ लावला, की स्क्रिप्ट डेटाबेस पूर्ववत करण्याच्या आधी चालली, म्हणजे तिचं काम पुसलं गेलं. त्याने ती पुन्हा चालवली आणि ग्राहकांना तेच बिल दोनदा गेलं. त्याने बरोबरच वाचलं होतं, चुकीचं लिहिलं होतं ते मी.

मी असं का लिहिलं? कारण मराठीत ‘काल मेल पाठवला होता’ असं आपण सहज म्हणतो. तिथला ‘होता’ नुसता भूतकाळ सांगतो. तोच ‘होता’ उचलून मी ‘हॅड’ केला. मला हवं होतं ‘आय हॅव ऑलरेडी रन द स्क्रिप्ट’, म्हणजे चालवली आहे आणि परिणाम आत्ता शाबूत आहे. त्याहून बरं, ‘आय रॅन इट ॲट 9:20’. वेळ सांगितली की साधा भूतकाळ पुरतो, आणि ‘ऑलरेडी’ची गरजच उरत नाही.

‘येट’चा घोळ नकारात होतो. ‘केलं’ आणि ‘केलं आहे’ यांत मराठी फरक करते. पण नकारात दोन्हींसाठी आपण ‘केलं नाही’ म्हणतो आणि बाकीचा भार ‘अजून’वर टाकतो. ‘केलेलं नाही’ हे रूप आहे, पण घाईत ते कोण वापरतं? त्यातून ‘आय डिड नॉट टेस्ट येट’ जन्माला येतं. अमेरिकन बोलण्यात हे चालतंही, त्यावर मी भांडणार नाही. पण घाईत शेवटचा ‘येट’ गळला तर उरतं ‘आय डिड नॉट टेस्ट’, म्हणजे टेस्ट केलंच नाही, विषय संपला. ‘आय हॅव नॉट टेस्टेड’मध्ये ‘येट’ गळला तरी दार उघडं राहतं.

सगळ्यात धोकादायक आहे ‘स्टिल’. ‘अजून’ वाक्याच्या सुरुवातीला येतो, म्हणून आपण ‘स्टिल’ही तिथेच ठेवतो: ‘स्टिल आय डिड नॉट स्टार्ट.’ पण इंग्रजीत सुरुवातीचा ‘स्टिल’ बहुधा ‘तरीही’ असतो. क्लायंटने काल ॲक्सेस दिला आणि आज त्याने हे वाचलं, तर त्याच्या कानावर पडतं, ‘तरीही मी सुरुवात केली नाही.’ आपण दिलेली माहिती त्याला उर्मटपणा वाटते.

जागा बदलली तरी काम संपत नाही. ‘आय स्टिल हॅवन्ट स्टार्टेड’मध्ये उशिराची कुरकुर आहे, ‘अजूनही’तल्या ‘ही’सारखी. स्वतःच्या कामाबद्दल शांतपणे सांगायचं असेल तर ‘आय हॅवन्ट स्टार्टेड येट’ लिहावं. तीन दिवस मागूनही ॲक्सेस मिळत नसेल, तर ‘स्टिल हॅवन्ट’ बिनधास्त लिहावं. तिथे कुरकुर हवीच.

यावर ‘इंग्रजी काही आपली भाषा नाही’ असं म्हणून सुटका करून घेऊ नका. उच्चार वऱ्हाडी असू द्या, झाडीबोलीचा असू द्या, माझाही आहे. स्पेलिंग चुकलं तर वाचणारा हसून पुढे जातो. काळ चुकला तर तो काम पुन्हा करतो, किंवा झालंच आहे समजून करतच नाही.

मी आता मेसेज पाठवण्याआधी तो मनात मराठीत आणतो आणि आईला ऐकवतो. तिने ‘होतं म्हणजे? गेलं कुठे?’ विचारलं, की ‘हॅड’ खोडतो.