इंग्रजीला दोष देण्याआधी राउटरकडे बघा

वसई, नालासोपारा, विरार भागातली आपली मुलं-मुली ऑनलाइन मुलाखत देऊन उठली की बहुतेकदा एकच म्हणतात, "माझं इंग्रजी कमी पडलं." मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि मुलाखती दिल्याही आहेत, घेतल्याही आहेत. माझं मत असं की अनेकदा इंग्रजी ठीक असतं, आवाज उशिरा पोहोचत असतो.

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी साधारण 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. आपला कान त्याला इतका सरावलेला असतो की थोडा जास्त वेळ गेला तरी वाटतं, समोरचा अडखळला. आता कॉलवर आवाज जायला 400 आणि यायला 400 मिलिसेकंद लागत असतील, तर तुम्ही ताबडतोब उत्तर दिलं तरी मुलाखतकाराला पाऊण सेकंदाहून जास्त शांतता ऐकू येते. त्याला वाटतं प्रश्न समजला नाही, म्हणून तो पुन्हा बोलायला लागतो. तेवढ्यात तुमचं उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचतं. दोघं एकदम बोलता, दोघं थांबता, पुन्हा एकदम बोलता. त्याच्या नजरेत तुम्ही मधे तोंड घालणारे ठरता.

विरार पूर्वेच्या एका मुलाची तयारी करून घेताना हेच घडत होतं. स्पीड टेस्टचा आकडा चांगला होता, म्हणून नेटवर त्याचा संशयच नव्हता. आम्ही दोन खिडक्या उघडून हे चालवलं:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिला पत्ता घरच्या राउटरचा. तुमचा वेगळा असू शकतो, `ipconfig` दिल्यावर `Default Gateway` समोर दिसतो. दुसरा पत्ता घराबाहेरचा. राउटरकडून उत्तर 3-4 मिलिसेकंदांत येत होतं, पण बाहेरचा आकडा 15 वरून मधेच 500 वर जायचा. म्हणजे वायफाय ठीक, अडचण पुढच्या लाइनवर. कारण शेजारच्या खोलीत निघालं. बहिणीचा फोन लग्नाचे फोटो बॅकअपला चढवत होता. त्या फोटोंची रांग राउटरमध्ये लागली होती आणि याचा आवाज त्या रांगेत मागे उभा होता. बॅकअप थांबवला, आकडा खाली आला. उलट, राउटरचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष वायफायचा. आपल्या इमारतींत प्रत्येक घरात राउटर आहे आणि 2.4 गिगाहर्ट्‌झवर सगळ्यांची गर्दी. अशा वेळी 5 गिगाहर्ट्‌झवर जा, नाहीतर सरळ केबल लावा.

एवढं करूनही विलंब उरला, तर तो मान्य करून बोलायचं. समोरच्याचं वाक्य संपलं की मनात एक मोजा, मग बोला. विचार करायला वेळ हवा असेल तर तसं आधी सांगा, म्हणजे शांततेचा गैरअर्थ निघत नाही. दोघं एकदम बोललात तर तुम्ही पूर्ण थांबा, त्यांना बोलू द्या आणि आपलं वाक्य पहिल्यापासून घ्या. प्रश्न तुटला तर नुसतं सॉरी-सॉरी नको. ऐकू आलं तेवढं म्हणून दाखवा आणि पुढचं विचारा. आवाजच तुटायला लागला तर परवानगी घेऊन व्हिडिओ बंद करा. चेहरा गेला तरी मुलाखत चालते, आवाज गेला की संपते.

म्हणूनच ब्लूटूथ इअरफोनपेक्षा दोनशे रुपयांचा वायरवाला मला बरा वाटतो. अनेक लॅपटॉपवर ब्लूटूथचा माइक सुरू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर उतरते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हिजाब घालणाऱ्या मुलींनी वायरवरचा माइक कापडाच्या बाहेर क्लिपने लावावा. आत राहिला तर प्रत्येक हालचालीला खरखर होते. ती तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐका.

नजरेचं शेवटी, कारण तिची धास्ती उगाच मोठी आहे. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आपल्या घरात अदब आहे, पण मुलाखतकाराला तुम्ही कागद वाचताय असं वाटू शकतं. तरी सतत कॅमेऱ्यात टक लावायची गरज नाही. नजर कॅमेऱ्याच्या किंचित खाली असली तर समोरच्याला ती आपल्याकडेच आहे असं वाटतं. बाजूला गेलेली मात्र लगेच कळते. लॅपटॉपवर कॉलची खिडकी लहान करून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली आणा. फोनवरून मुलाखत असेल तर फोन उभा टेकवा. आडवा केला की कॅमेरा एका बाजूला जातो आणि तुम्ही पूर्ण वेळ मुलाखतकाराच्या खांद्यापलीकडे बघताय असं दिसतं.