तुलनेचा प्रश्न कसा घालावा?

भाषांतरविद्येच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. एक मूळ उतारा, त्याचे दोन अनुवाद आणि खाली हुकूम: ‘मूलनिष्ठा, सूर व सांस्कृतिक आशय या दृष्टींनी तुलना करा.’ या प्रश्नाचे उत्तर उतारा न वाचताही लिहिता येते, हा त्याचा मुख्य दोष होय. पहिला अनुवाद शब्दनिष्ठ पण रुक्ष आहे, दुसरा स्वैर पण ओघवता आहे, आणि आदर्श अनुवाद दोहोंचा मध्य साधणारा असतो, अशी चार वाक्ये लिहून विद्यार्थी मोकळा होतो. त्यावर नायडाच्या रूपनिष्ठ आणि परिणामनिष्ठ सममूल्यतेचा एक परिच्छेद जोडला, की परीक्षकही गुण देऊन मोकळा होतो. या अंकात अध्यापकांपुढे आम्ही मांडू इच्छितो ते इतकेच, की याच तीन दृष्टींचे प्रश्न असे घालता येतात की ज्यांचे उत्तर त्या उताऱ्यावाचून दुसरीकडे कोठेही सापडणार नाही. मात्र त्यासाठी प्रश्नांचा क्रम बदलावा लागतो.

त्याआधी एक दक्षता घ्यावी लागते. दोन्ही अनुवादकांपुढे मूळ एकच होते काय, याची खातरजमा झाल्याविना तुलनेला आरंभच करू नये. माधव जूलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या, आणि पुढे ‘द्राक्षकन्या’ रचली ती फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून. अनुवादक एकच, कवीचे नावही एकच, तरी या दोन ग्रंथांची तुलना म्हणजे दोन निराळ्या मूळांची तुलना होय. फिट्झजेराल्डवरून झालेले दोन अनुवाद घेतले तरी निश्चिंत राहता येत नाही, कारण त्याच्या 1859च्या पहिल्या आवृत्तीत 75 रुबाया आहेत आणि 1868च्या दुसरीत 110. शिवाय जुन्या रुबायांवरही त्याने पुन्हा हात फिरवला. विद्यार्थी ज्याला अनुवादकाचे स्वातंत्र्य म्हणून नावाजतो, तो पुष्कळदा केवळ आवृत्तीचा फरक असतो.

आता उदाहरण. वर्गाच्या उपयोगासाठी आम्ही एक छोटा हिंदी उतारा रचला आहे. प्रसंग उत्तर प्रदेशातील एका कुटुंबातला, काळ जमीनजुमल्याच्या भाऊबंदकीचा.

‘ताऊजी कचहरी से लौटे तो ताई ने लोटे में पानी लाकर पास रख दिया, पूछा कुछ नहीं। थोड़ी देर बाद ताऊजी ख़ुद ही बोले, “राज़ीनामा हो गया। आधा बाग छोटे का।” ताई ने सिर का पल्ला ज़रा और खींच लिया। बोलीं, “आप खाना तो खा लीजिए, कल की कढ़ी रखी है।” “तुम भी खा लो,” ताऊजी ने कहा। तीस बरस में यह बात उन्होंने पहली बार कही थी।’

पहिला अनुवाद असा: ‘ताऊजी कचेरीतून परतले तेव्हा ताईंनी तांब्यात पाणी आणून जवळ ठेवलं, विचारलं काही नाही. थोड्या वेळाने ताऊजी स्वतःच म्हणाले, “राजीनामा झाला. अर्धी बाग धाकट्याची.” ताईंनी डोक्यावरचा पदर जरा आणखी पुढे ओढून घेतला. म्हणाल्या, “आपण जेवण तर करून घ्या, कालची कढी ठेवली आहे.” “तुम्हीही जेवून घ्या,” ताऊजी म्हणाले. तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा सांगितली होती.’

दुसरा असा: ‘काका कोर्टातून घरी आले. काकूने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. पण निकालाचं तिने काहीच विचारलं नाही. जरा वेळाने काका आपणहून म्हणाले, “तडजोड झाली. अर्धी आमराई गेली धाकट्याला.” काकूने पदराने डोळे टिपले. “तुम्ही आधी जेवून घ्या बघू,” ती म्हणाली, “कालचं पिठलं आहे.” “तूही जेव,” काका म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते.’

आमची सूचना अशी, की पहिल्या तासाला हिंदी उतारा मुळीच वाटू नये. वर्गाच्या एका अर्ध्या भागाला केवळ पहिला अनुवाद द्यावा, दुसऱ्या अर्ध्याला केवळ दुसरा, आणि दोघांनाही तीन साधे प्रश्न विचारावेत: या घरात कोण कोण आहे, बाहेर काय घडून आले, आणि हे सांगणारा कोण? मूळ शेजारी असले की वाचक नकळत अनुवादातील उणीव मुळातून भरून काढतो. ते नसले म्हणजे अनुवाद आपल्या पायांवर कितपत उभा राहतो हे उघड होते.

पहिल्या अनुवादाच्या वाचकांकडून जे उत्तर येण्याचा संभव आहे ते मोठे उद्बोधक आहे. मराठीत कचेरी म्हणजे नोकरीची जागा असा अर्थ सहज मनात येतो, आणि कचेरीतून परतलेला गृहस्थ ‘राजीनामा झाला’ म्हणतो तेव्हा त्याने नोकरी सोडली असाच बोध होतो. हिंदी-उर्दूच्या न्यायालयीन व्यवहारात ‘राज़ीनामा’ म्हणजे वादी-प्रतिवादींची परस्परसंमतीने झालेली तडजोड. पण मराठीच्या महसुली दप्तरात ‘राजीनामा-कबुलायत’ या जोडीतला राजीनामा म्हणजे खातेदाराने जमिनीवरचा कबजा सोडून देणे. तेव्हा जमिनीच्या व्यवहारांशी परिचित असलेला मराठी वाचकही चुकेल, फक्त निराळ्या दिशेने: काकांनी बागेवर सरळ पाणी सोडले असे त्याला वाटेल. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब ही, की एका चुकीला दुसरी चूक आधार देते. कचेरी आणि राजीनामा हे दोन्ही शब्द स्वतंत्रपणे खटकले असते. एकत्र आल्यामुळे त्यांतून सुसंगत, आणि म्हणूनच न खटकणारी, खोटी कथा तयार झाली आहे. अनुवाद वाचताना अडखळल्यासारखे झाले तर चूक पकडता येते. अडखळायला काहीच नसेल तर ‘काय घडले ते सांगा’ हाच एक प्रश्न ती बाहेर काढू शकतो.

‘ताई’विषयीही हेच म्हणता येईल. हिंदीत ताई ही ताऊची पत्नी. मराठी वाचकाला ती थोरली बहीण वाटते, आणि मग भावाच्या पानाची काळजी वाहणाऱ्या बहिणीचे चित्र उभे राहून अखेरच्या वाक्याचा सारा अर्थच पालटतो. दुसऱ्या अनुवादकाने काका-काकू करून पतिपत्नीचे नाते सुरक्षित ठेवले, परंतु त्याच्याही हातून काही निसटले आहे. ताऊ म्हणजे वडिलांचा थोरला भाऊच. म्हणजे निवेदकाचा बाप या ताऊजींहून धाकटा, आणि ज्याच्याशी कज्जा चालला तो ‘छोटे’ म्हणजे बहुधा निवेदकाचा बापच. आता उतारा पुन्हा वाचून पाहावा. प्रतिपक्षाचे मूल या घरात बसले आहे, आणि आपल्या बापाने जिंकलेल्या अर्ध्या बागेची वार्ता दुसऱ्या घरात कशी पोहोचली ते सांगत आहे. मूळ भाषेने हा सगळा इशारा एका नातेवाचक शब्दात ठेवला आहे. ‘काका’ म्हणताच तो मावळतो, कारण काका वडिलांहून मोठा की लहान हे मराठी सांगत नाही. ‘थोरले काका’ म्हटल्याने काम थोडे सावरते, पुरते नाही; काकांमधला थोरला निवेदकाच्या बापाहून धाकटा असू शकतो.

दुसऱ्या तासाला मूळ उतारा वाटावा आणि प्रत्येक फरकाखाली पेन्सिलीने रेघ ओढवून एकच पृच्छा करावी: हा फरक मराठीने अनुवादकावर लादला, अनुवादकाने तो निवडला, की तो केवळ प्रमाद आहे? रोमान याकोब्सन यांनी 1959च्या आपल्या निबंधात दाखवून दिले, की भाषांमधला खरा भेद त्यांना काय सांगता येते यात नसून काय सांगणे त्यांना भाग पडते यात असतो. ‘कल’चे काल किंवा उद्या यांपैकी एक करणे मराठीला भाग आहे, त्याबद्दल अनुवादकाला ना श्रेय, ना दोष. ‘तुम’ची गोष्ट अधिक नाजूक आहे. हिंदीत पती पत्नीला ‘तुम’ म्हणतो त्यात जवळीक आहे, बरोबरी नाही. पत्नी ‘आप’ म्हणते आणि त्या दोन सर्वनामांतच घराची उतरंड उभी असते. रूपाशी प्रामाणिक राहून पहिल्या अनुवादकाने ‘तुम्ही’ लिहिले, आणि त्या पिढीतला नवरा बायकोला ‘तुम्हीही जेवून घ्या’ म्हणतो असे दृश्य उभे केले, जे मराठी कानाला उपरोधाचे तरी वाटेल किंवा थट्टेचे तरी. ‘तुम्ही’ आणि ‘तू’ ही दुसऱ्या अनुवादकाची जोडी रूपाने दूर असूनही उतरंड तंतोतंत राखते. निष्ठा शब्दाच्या कोणत्या कामाशी राखायची, हा प्रश्न व्याख्यानाने जितका उलगडणार नाही तितका या एका सर्वनामाने उलगडतो.

परंतु एवढ्यावरून दुसऱ्याच्या पारड्यात सगळे वजन टाकणे घाईचे होईल. ‘पूछा कुछ नहीं’ ही उलटी पदरचना पहिल्याने राखली आहे. ती मराठीत अडत नाही, आणि तिच्यातला तुटकपणा म्हणजेच त्या बाईचा संयम. दुसऱ्याने ‘पण’ घातले, ‘निकालाचं’ घातले, आणि जे वाचकाने ओळखायचे ते उघड सांगून टाकले. पुढे पल्ला ओढून घेण्याऐवजी त्याने डोळे टिपले. मुळात कोठेही रडणे नाही; चेहरा झाकला आहे, त्यामागे दुःख आहे, राग आहे की सुटका झाल्याचे समाधान, ते लेखकाने राखून ठेवले आहे. डोक्यावर पदर घेणारी पिढी मराठीत नवखी नसताना हा बदल कशासाठी? ‘अर्धी आमराई गेली’ यातली हळहळही अनुवादकाची. मूळच्या ‘आधा बाग छोटे का’ या वाक्यात दुसऱ्याचा हक्क मान्य केल्याचा कोरडा स्वर आहे. सुराविषयीचा प्रश्न म्हणूनच ‘कोणता अनुवाद भावस्पर्शी?’ असा नसावा. ‘दुसऱ्या अनुवादातील कोणती भावना मुळात नाही?’ असा असावा.

राहता राहिली कढी. दुसऱ्या अनुवादकाने पिठले वाढले ते बहुधा मराठी घर जवळचे वाटावे म्हणून. उत्तरेकडची बेसनाची दाट, पकोडे घातलेली कढी आणि आपली भुरकण्याची पातळ कढी हे एक पदार्थ नव्हेत, असा बचावही त्याला करता येईल, आणि तो खोटा नाही. पण दोन्ही भाषांत शिळी कढी आणि तिला येणारा ऊत हा वाक्प्रचार नांदतो, आणि ज्या दिवशी जुना तंटा मिटला त्याच दिवशी काकू कालची कढी वाढते आहे. तो ध्वनी लेखकाच्या मनात होता की नव्हता हे सिद्ध करता येणार नाही. पिठल्याने मात्र त्याची शक्यताच संपते. सांस्कृतिक आशयाचा प्रश्न परक्या वस्तूला पर्याय शोधण्यापुरता असतो अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. येथे दोन्ही संस्कृतींना सामाईक असलेली वस्तूच अनुवादकाने आपलेपणाच्या भरात घालवली.

गुणांकनाविषयी दोन शब्द लिहून थांबतो. कोणता अनुवाद सरस, या प्रश्नाला आम्ही गुण ठेवणार नाही. प्रमाद, निवड आणि भाषेची सक्ती या तीन खणांत फरक नीट बसवण्याला निम्मे गुण ठेवू. उरलेल्यांसाठी विद्यार्थ्याने फक्त शेवटची दोन वाक्ये स्वतः अनुवादावीत. पहिल्याच्या ‘गोष्ट सांगितली’मध्ये कथा सांगितल्याचा भास आहे, दुसऱ्याच्या ‘संसारात’मध्ये मुळात नसलेली भर आहे, आणि ‘भी’वर पडणारा भार, म्हणजे आपल्याबरोबर तिनेही जेवावे हे म्हणणे, ‘तूही जेव’मध्ये पोहोचतो की नाही यावर वर्गात दुमत होईल. ते होऊ द्यावे, आणि आपल्या निवडीमुळे काय गमावले हे ज्याने समासात नोंदवले असेल त्याला त्या नोंदीचे गुण वेगळे द्यावेत.